लुमेन आणि झोताचा पल्ला: हेडटॉर्च घेताना कोणत्या आकड्याकडे पाहावे

हेडटॉर्चच्या खोक्यावर एक आकडा लुमेनचा असतो आणि एक मीटरचा. लुमेन जास्त म्हणजे उजेड लांब जाणार, असे समजून बहुतेक जण पहिलाच आकडा पाहून पैसे मोजतात. प्रत्यक्षात हे दोन आकडे दोन निराळ्या गोष्टी सांगतात, आणि रात्रीच्या ट्रेकला त्यांतला फरक पायाखाली जाणवतो.

लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो पसरून पडतो की एका ठिकाणी एकवटतो, हे त्यातून कळत नाही. झोताचा पल्ला मात्र झोताच्या मध्यावर प्रकाश किती एकवटला आहे, म्हणजेच त्याची कॅंडेलातील तीव्रता किती आहे, यावर ठरतो. एफएल १ या प्रमाण-पद्धतीत, जिथे उजेड ०.२५ लक्सपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याइतका, उतरतो ते अंतर पल्ला म्हणून छापतात. त्याचा हिशेब सोपा आहे: कॅंडेलाचे वर्गमूळ काढून दुप्पट करावे. समजा, एका टॉर्चचा प्रकाश ४०० लुमेनचा, पण पसरट असून तीव्रता ४०० कॅंडेला आहे. तिचा पल्ला ४० मीटर. दुसरी निम्म्या लुमेनची, २०० ची, पण अरुंद झोताची असून तीव्रता २,५०० कॅंडेला आहे. तिचा पल्ला १०० मीटर. शिवाय पल्ल्याच्या टोकाला चांदण्याइतकाच उजेड असतो, त्यामुळे दगड की खड्डा हे ओळखण्यासाठी त्या अंतराच्या निम्म्यावरही फार भरवसा ठेवू नये.

मग यांतले काय घ्यावे? बारी गावातून मध्यरात्री कळसूबाईला निघालेल्या माणसाचे उदाहरण घेऊ. चढ चार-पाच तासांचा धरू, कारण शिखरावर सूर्योदयाला पोहोचायचे असते. बहुतेक वेळ नजर समोरच्या तीन-चार मीटरवरच असते, आणि लोखंडी शिड्यांवर तर ती पुढच्या पायरीवर आणि हाताच्या पकडीवर असते. इथे अरुंद झोत उलट त्रास देतो, कारण डोळ्यांसमोर एक लख्ख गोल दिसतो आणि त्याच्या कडेला पाऊल अंधारात पडते. अशा चालीला ५० ते १०० लुमेनचा पसरट उजेड पुरतो. अरुंद झोत लागतो तो पायवाट फुटते तिथे, लांबचा बाण किंवा दगडांची खूण शोधण्यासाठी, आणि तोही मिनिटभर. म्हणून दोन्ही झोत वेगवेगळ्या बटणांवर देणारी टॉर्च मला नुसत्या मोठ्या आकड्याच्या टॉर्चपेक्षा नेहमीच सरस वाटते.

पावसाळ्यात धुके उतरले की हा फरक आणखी ठळक होतो. टॉर्च कपाळावर, म्हणजे डोळ्यांच्या अगदी जवळ असल्यामुळे धुक्याच्या थेंबांवरून परतलेला उजेड सरळ डोळ्यांत येतो; लुमेन वाढवावेत तसा समोरचा पांढरा पडदा दाट होत जातो. अशा वेळी मी टॉर्च डोक्यावरून काढून कमरेजवळ हातात धरतो आणि उजेड कमी करतो. खालून तिरपा उजेड पडल्याने दगडांच्या सावल्या दिसू लागतात आणि उंच-सखल कळते. कपाळावरून पडणाऱ्या उजेडात त्या सावल्या दगडामागेच लपलेल्या असतात.

बॅटरीचा प्रश्नही इथेच जोडलेला आहे. खोक्यावरचे तास हे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात, त्यामुळे ‘४० तास’ यातले बरेच तास मिणमिणतेच असू शकतात. १,२०० मिलिअँपिअर-तासांची लिथियम-आयन बॅटरी साधारण ८० लुमेनवर चार तास पुरेल, पण ४०० लुमेनवर जेमतेम तासभर. म्हणजे कळसूबाईच्या चढाला ती काटोकाट आहे आणि जोडीला राखीव उजेड हवाच. आतच बसवलेली बॅटरी पॉवर बँकेवर चार्ज होते खरी, परंतु भर पावसात चार्जिंगचे रबरी झाकण उघडणे म्हणजे पाण्याला वाट करून देणे आहे. त्यामुळे पावसाळ्यात बदलता येणारी बॅटरी किंवा एएए सेल घेणारी टॉर्च सोयीची ठरते. अल्कलाइन सेलचा उजेड मात्र हळूहळू मंदावतो, आणि ट्रेकनंतर ते तसेच आत राहिले तर गळून आतल्या धातूच्या पट्ट्या खराब करतात.

पाण्यापासूनच्या संरक्षणाचे अंक मात्र पटकन उरकता येतात. आयपीएक्स ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसणारी, तर आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी टॉर्च. सह्याद्रीतल्या सरींत आयपीएक्स ४ ने भागते; ओढे ओलांडायचे असतील, तर आयपीएक्स ७ पाहावी. दोन्हींत झाकण नीट बसले आहे आणि त्याच्या कडेला मातीचा कण अडकलेला नाही, हे निघण्यापूर्वी बोट फिरवून पाहावे. आतून काचेवर वाफ धरली असेल, तर पाणी आधीच शिरलेले आहे. बॅटरी काढून टॉर्च उघडी वाळवावी आणि तोपर्यंत चार्जिंगला लावू नये.