कापसाचा भाव आणि सर्व्हर नसलेलं ॲप

हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाला आज काय भाव निघाला, हे आसपासच्या गावांत दुपारपर्यंत कळवायचं म्हटलं तर ॲपला तीन कामं करावी लागतात: सभासद ओळखायचा, भाव साठवायचा आणि सूचना धाडायची. पंधरा वर्षांपूर्वी त्यासाठी सर्व्हर भाड्याने घ्यावा लागे, आणि तो रात्री बंद पडला तर उठून चालू करणारा माणूसही. शेतकरी गटाला हे झेपणारं नव्हतं.

सूचनेचं कोडं आधी सुटलं. प्रत्येक ॲप सर्व्हरला सारखं विचारत बसलं तर फोनची बॅटरी दुपारीच संपते. म्हणून ॲपलने 2009 मध्ये आणि गूगलने 2010 मध्ये फोनमध्ये एकच जोडणी उघडी ठेवली आणि सगळ्या ॲपच्या सूचना तिच्यातून आणल्या. पण सूचना पाठवायला मागे सर्व्हर लागायचाच.

2011 मध्ये सुरू झालेल्या पार्स या कंपनीने लॉगिन, डेटाबेस आणि सूचना एकत्र तयार दिल्या. 2013 मध्ये फेसबुकने ती कंपनी घेतली, जानेवारी 2016 मध्ये बंद करण्याची घोषणा केली आणि वर्षभराने ती बंदही झाली. कोड खुला केला होता खरा, पण तो चालवायचा तर पुन्हा सर्व्हर आलाच! म्हणून आपला डेटा बाहेर कसा काढता येईल, हे मी आजही पहिल्यांदा बघायला सांगतो.

पार्ससारख्याच तयार सोयी देणारं फायरबेस मुळात चॅटच्या सेवेतून निघालं. लोक चॅटमधून गप्पांऐवजी आपल्या ॲपचा डेटाच पाठवताहेत, हे तिच्या संस्थापकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो भाग वेगळा काढला. 2014 मध्ये गूगलने ते घेतलं, 2016 मध्ये सूचनांची सेवा त्याच छताखाली आली आणि 2017 मध्ये फायरस्टोअर हा नवा डेटाबेस आला. वावरात रेंज गेली तरी त्यातला शेवटचा भाव फोनवर दिसतो, आणि ऑफलाइन केलेली नोंद रेंज आली की आपोआप वर जाते. विदर्भातल्या गावांसाठी मला हीच सर्वांत मोलाची सोय वाटते.

फायरस्टोअरचं बिल मात्र मुख्यतः वाचलेल्या नोंदींवर ठरतं. फुकट मर्यादा दिवसाला 50,000 वाचनांची. समजा गटात 500 सभासद आहेत, प्रत्येक जण काही तासांच्या अंतराने दिवसातून चारदा ॲप उघडतो आणि दर वेळी महिन्याभराचे 30 भाव, प्रत्येक दिवसाची वेगळी नोंद, नव्याने येतात. झाली 60,000 वाचनं. फुकट योजनेत मर्यादा ओलांडली की उरलेला दिवस नवे भाव येत नाहीत. संध्याकाळी ॲप उघडणाऱ्याला सकाळचाच भाव दिसत राहिला, तर आधी फायरबेसच्या कन्सोलमधला वापराचा आलेख पाहावा. उपाय सोपा आहे: महिन्याचे सगळे भाव एकाच नोंदीत ठेवायचे आणि रोज तीच नोंद अद्ययावत करायची. मग तेवढ्याच वापरात 2,000 वाचनं होतात.