पंधरा आठवड्यांच्या पीपीटी आणि रोजची सात कार्डं

बी.फार्मच्या पाचव्या सत्राला फार्माकॉलॉजीचा दुसरा पेपर असतो. हृदय आणि रक्तदाबाची औषधं, लघवीचं प्रमाण वाढवणारी औषधं, हार्मोन्स असा तो ४५ तासांचा विषय. आठवड्याला तीन लेक्चर, म्हणजे पंधरा आठवडे. माझी भाची गेल्या वर्षी याच सत्राला होती. एका लेक्चरची पीपीटी सरासरी ३० स्लाइडची धरली, तर सत्राअखेर तिच्या फोनमध्ये साडेतेराशेच्या आसपास स्लाइड जमणार होत्या.

त्या नुसत्या पुन्हा पुन्हा वाचून फारसं हाती लागत नाही. २००८ साली कार्पिकी आणि रोएडिगर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्दांचे अर्थ शिकवले. एकदा आलेला शब्द काहींना पुन्हा पुन्हा आठवायला लावला, काहींना तो फक्त पुन्हा दाखवला. आठवड्याने आठवणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ८० टक्के शब्द होते. फक्त पाहणाऱ्यांच्या लक्षात त्याच्या निम्मेही नव्हते. अँकीसारखं ॲप हेच करतं. एकेका कार्डावरचा प्रश्न विचारतं आणि उत्तर आलं की तोच प्रश्न पुढच्या खेपेला आणखी उशिरा विचारतं.

पण ॲप डाउनलोड केल्यावर पहिला खरा प्रश्न येतो तो आकड्यांचा: रोज नवी कार्डं किती घ्यायची?

त्यासाठी एका कार्डाचा प्रवास पाहू. आज घेतलेलं कार्ड उद्या विचारलं जातं. आलं तर तीन दिवसांनी, मग सात, मग सतरा, मग बेचाळीस दिवसांनी. हे अंतर सेटिंगनुसार आणि तुमच्या उत्तरांनुसार बदलतं, पण अंदाजासाठी एवढं पुरे. म्हणजे ते कार्ड पहिल्या, चौथ्या, अकराव्या, अठ्ठाविसाव्या आणि सत्तराव्या दिवशी समोर येणार. आता रोज सात नवी कार्डं घेतली तर दुसऱ्या दिवशी सात जुनी येतील. चार दिवस उलटले की रोज चौदा, अकरा दिवसांनी एकवीस, महिन्याने अठ्ठावीस आणि सत्तर दिवसांनी पस्तीस. त्यात चुकलेली कार्डं परत लवकर येतात, म्हणून ४५ धरा. एका कार्डाला आठ-दहा सेकंद लागली तर सात मिनिटांचं काम, आणि नव्या सात कार्डांना आणखी पाचेक मिनिटं. नवं कार्ड हे हप्त्यावर घेतलेल्या फ्रिजसारखं असतं. दुकानातून घरी आणताना ते स्वस्तच वाटतं.

आता उलट बाजूने मोजू. एका लेक्चरमधून तेरा-चौदा कार्डं निघाली तर आठवड्याची ४० आणि सत्राची ६०० होतात. तीस स्लाइडमधून एवढीच कशी, असं वाटेल. पण त्यात शीर्षकाची स्लाइड, मागच्या लेक्चरची उजळणी, पुस्तकातून उचललेली आकृती आणि शेवटचं 'थँक यू' असतं. रविवारी त्या आठवड्याची ४० कार्डं बनवायची आणि सोमवारपासून रोज सात घ्यायची. पाच दिवसांत ३५ होतात, शनिवारी उरलेली पाच. पुढच्या रविवारी नवं कार्ड आपोआप शिल्लक नसतं आणि तो वेळ कार्डं बनवायला मोकळा मिळतो. खरा खर्च तिथेच आहे. एका कार्डाला दोन मिनिटं लागली तरी ८० मिनिटं जातात.

पंधराव्या आठवड्याची कार्डं सोळाव्यात संपतात. परीक्षा एकोणिसाव्याच्या सोमवारी असेल तर सर्वांत शेवटच्या कार्डालाही सोळा दिवस मिळतात, म्हणजे ते तीनदा समोर येतं. परीक्षेला चार दिवस उरले असताना घेतलेलं कार्ड जेमतेम दोनदा दिसेल. म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत नव्या कार्डांची मर्यादा सरळ शून्यावर आणावी.

कार्ड कसं असावं? रक्तदाबाच्या एका स्लाइडवर रामिप्रिलसारख्या एसीई इन्हिबिटर्सचे दुष्परिणाम ओळीने दिलेले होते: कोरडा खोकला, पोटॅशियम वाढणं, चेहऱ्यावर सूज. भाचीने आधी अख्खी यादी एकाच कार्डावर घेतली. त्यातला एक मुद्दा दर वेळी सुटायचा आणि कार्ड दर वेळी 'चुकलं' ठरायचं. मग तिने ते फोडलं. 'रामिप्रिलने कोरडा खोकला का होतो?' याचं उत्तर: एसीई हे एन्झाइम ब्रॅडिकायनिनही मोडतं, ते अडवलं की ब्रॅडिकायनिन साठतं. दुसरं कार्ड: 'खोकला सहन होत नसेल तर पर्याय कोणता?' लोसार्टान. यादीपेक्षा कारण चिकटून राहतं.

आठवड्याप्रमाणे वेगवेगळे डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे, करायचा मोह होतो. तो टाळावा, कारण एका आठवड्याच्या डेकमध्ये प्रश्न वाचायच्या आधीच उत्तर कुठल्या गटातलं ते कळतं. परीक्षेत ती सोय नसते. डेक एकच ठेवावा आणि आठवडा टॅगमध्ये लिहावा:

```
pharma::w06::l17
```

म्हणजे सहावा आठवडा, सतरावं लेक्चर. `w6` न लिहिता `w06` लिहायचं, नाहीतर यादीत दहावा आठवडा दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो. पहिल्या सेशनलला सहा आठवड्यांचा पोर्शन असेल तर तेवढे टॅग निवडून फिल्टर्ड डेक करता येतो. पेपर झाला की तो काढून टाकायचा. कार्डं आपल्या जागी परततात.

भाचीच्या एका मित्राने आठव्या आठवड्यात सुरुवात केली, तेव्हा सात आठवड्यांची २८० कार्डं थकलेली होती. त्याने रोज ४० घ्यायचं ठरवलं. पाचव्या दिवशी समोर ८० जुनी आणि ४० नवी. सहाव्या दिवशी दिवाळीला गावी गेला, तीन दिवसांनी ॲप उघडलं तर दीडशेवर कार्डं थकलेली. त्याने ते पुन्हा उघडलंच नाही. तीच २८० कार्डं उरलेल्या ५६ दिवसांत वाटली असती तर रोज फक्त पाच जादा, नेहमीच्या सातांत मिळवून बारा. महिन्याभराने त्याची जुनी कार्डं रोज साठाच्या घरात गेली असती. दमवणारं खरं, पण जमण्यासारखं. असा ढीग झालाच तर नवी कार्डं बंद करून आधी जुनी संपवावीत. तो येतोय की नाही, हे अँकीच्या आकडेवारीतल्या पुढच्या दिवसांच्या आलेखात आधीच दिसतं. दर रविवारी एकदा बघावा.

टॅगचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला उपयोग मात्र वेगळाच आहे. दहाव्या आठवड्यात भाचीने हे शोधलं:

```
tag:pharma::w06 prop:lapses>=4
```

म्हणजे सहाव्या आठवड्यातली, आठवू लागल्यावरही चार किंवा अधिक वेळा विसरलेली कार्डं. बाकीच्या आठवड्यांत अशी एक-दोन निघाली, इथे नऊ. त्यातली बरीच दोन औषधगटांची होती: फ्युरोसेमाइडसारखे लूप डाययुरेटिक आणि थायझाइड. दोन्ही लघवी वाढवतात, दोन्ही पोटॅशियम घटवतात. पण लूपवाली औषधं कॅल्शियम लघवीतून बाहेर टाकतात आणि थायझाइड ते शरीरात राखून ठेवतात. तिची कार्डं एकेका गटाबद्दल सुटी विचारत होती, त्यामुळे दोन्ही उत्तरं एकमेकांत मिसळत होती. अशी कार्डं कितीही वेळा घोटली तरी सुटत नाहीत. आठ वेळा विसरल्यावर अँकी स्वतःच त्यांना `leech` असा टॅग लावतं आणि सेटिंग तसं असेल तर ती बाजूलाही काढतं.

तिने त्यातली चार कार्डं काढली आणि एकच नवं लिहिलं: 'मुतखड्यात कॅल्शियम आहे. लूप द्यावं की थायझाइड, आणि का?'