पाणी 39 अंशांवरच, मग व्हॅक्यूम का पडला?

औष्णिक वीज केंद्रात ‘व्हॅक्यूम पडतोय’, म्हणजे वाफेचं पाणी करणाऱ्या कंडेन्सरमधला दाब वाढतोय, अशी ओरड झाली की अनेकांची नजर आधी कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानाकडे जाते. हा आकडा मात्र बऱ्याचदा फसवतो.

टर्बाइनमधून आलेली वाफ कंडेन्सरच्या नळ्यांवर पाणी होते आणि नळ्यांच्या आतून थंड पाणी वाहतं. वाफ भरपूर उष्णता सोडते, पण दाब तोच असेल तर तिचं तापमान हलत नाही. उकळत्या पाण्याखालची आच वाढवली तरी पाणी जास्त तापत नाही, त्याचीच ही उलट बाजू. कितीही उष्णता गेली तरी तापमान न बदलणाऱ्या प्रवाहाची उष्णताधारकता गणितात अनंत धरतात.

समजा, वाफ 45 अंशांवर आहे आणि पाणी 30 अंशांवर आत येऊन 39 वर बाहेर पडतं. पाणी फार तर 45 पर्यंत तापलं असतं, म्हणजे 15 अंश. तापलं 9 अंश. या दोहोंचं गुणोत्तर 0.6, हीच कंडेन्सरची परिणामकारकता, ε. एरवी प्रवाह समोरासमोर आहेत की एकाच दिशेने, यावर सूत्र बदलतं. इथे वाफेचं तापमान सगळीकडे सारखंच, त्यामुळे दिशेला अर्थच उरत नाही आणि एवढंच सूत्र पुरतं:

ε = 1 − e^(−NTU)

NTU म्हणजे नळ्यांची उष्णता पोचवण्याची ताकद भागिले पाण्याची उष्णताधारकता. इथे ती 0.92 येते. नळ्यांची लांबी दुप्पट केली तर परिणामकारकता 1.2 होत नाही. पहिल्या निम्म्यात 40 टक्के फरक उरतो, दुसऱ्या निम्म्यात त्याचे 40 टक्के, म्हणजे 16. परिणामकारकता होते 0.84.

आता नळ्यांत गाळ बसला आणि परिणामकारकता 0.5 वर आली. टर्बाइनमधून येणारी वाफ जवळपास तेवढीच, पाणीही तेवढंच. मग पाणी 9 अंशच तापणार, 39 वरच बाहेर पडणार! वर सरकते ती वाफ: 9 भागिले 0.5, म्हणजे 30 वर 18 अंश, 48. तिचा दाब साधारण 9.6 वरून 11.2 किलोपास्कलवर जातो आणि टर्बाइनची वीज घटते.

म्हणून बघायचं ते वाफ आणि बाहेर पडणारं पाणी यांच्यातलं अंतर. ते 6 वरून 9 अंशांवर गेलेलं दिसेल. पंप कमी पाणी देत असेल, तर खुद्द पाण्याची तापवाढच 9 च्या पुढे जाते.

एक खाच आहे. आत हवा शिरली तरी उष्णता अडते आणि अंतर वाढतं. शिवाय मोजलेला दाब मग एकट्या वाफेचा राहत नाही, त्यावरून काढलेलं वाफेचं तापमान खऱ्यापेक्षा जास्त येतं. तळाशी जमलेलं पाणी त्या तापमानापेक्षा बरंच थंड लागलं आणि व्हॅक्यूम पंपातून हवा जास्त निघत असली, तर नळ्या घासण्याआधी गळती शोधावी.