कॅमेरा ड्रोनचा उड्डाणकाळ

कॅमेरा ड्रोन एका चार्जिंगवर किती वेळ हवेत राहील हे दोन आकड्यांवर ठरते. पहिला बॅटरीत साठलेल्या ऊर्जेचा, म्हणजे वॉट-तासांचा. बॅटरीच्या लेबलवर तो Wh असा छापलेला असतो. दुसरा हवेत एका जागी स्थिर राहण्यासाठी, म्हणजे हॉवरसाठी, लागणाऱ्या शक्तीचा. तो वॉटमध्ये मोजतात. पहिल्याला दुसऱ्याने भागले की तास मिळतात. भागाकार शाळेतलाच आहे. कस लागतो तो दुसरा आकडा काढताना, कारण ड्रोनचे वजन जेवढ्या पटीने वाढते त्याहून जास्त पटीने तो वाढतो.

दुकानात बॅटरीची ओळख बहुधा mAh या आकड्याने करून दिली जाते. व्होल्टेज माहीत नसेल तर त्या आकड्यावरून ऊर्जा कळत नाही. डीजेआय मिनी २ ची बॅटरी २२५० mAh आणि ७.७ व्होल्टची आहे, मॅव्हिक ३ ची ५००० mAh आणि १५.४ व्होल्टची. mAh पाहिले तर दुसरी बॅटरी पहिलीच्या जेमतेम सव्वादोन पट वाटते. mAh आणि व्होल्ट यांचा गुणाकार करून हजाराने भागले की मिनी २ चे सुमारे १७ आणि मॅव्हिक ३ चे ७७ वॉट-तास निघतात, म्हणजे साडेचार पटींच्या जवळपास.

आता मॅव्हिक ३ चेच उदाहरण पुढे नेऊ. त्याचे वजन ८९५ ग्रॅम आणि वारा नसताना हॉवरचा जाहीर काळ ४० मिनिटे. ७७ वॉट-तास ४० मिनिटांत संपतात, तेव्हा सरासरी शक्ती सुमारे ११५ वॉट येते. जाहीर आकड्यावर विश्वास नसेल तर आपल्या ड्रोनसाठी हाच आकडा मैदानावर काढता येतो. वारा पडलेला असताना ड्रोन दोन-तीन मीटर उंचीवर स्थिर ठेवायचा आणि बॅटरी ९० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर यायला किती वेळ लागतो ते पाहायचे. २० मिनिटे लागली तर अर्धी बॅटरी, म्हणजे ३८.५ वॉट-तास, तेवढ्या वेळात खर्च झाली आणि शक्ती पुन्हा ११५ वॉटच आली. हे मोजमाप जमिनीला अगदी लागून घेऊ नये. पंख्यांनी खाली ढकललेली हवा जमिनीवर अडते, त्यामुळे तिथे ड्रोनला कमी शक्ती पुरते आणि उत्तर फसवे येते.

वजन वाढले की शक्ती इतकी का वाढते? ड्रोन हवा खाली ढकलतो म्हणून वर राहतो. वजन वाढले की जास्त जोर हवा, पण पंख्यांचा घेर तेवढाच राहतो. मग तीच हवा अधिक वेगाने खाली फेकावी लागते. हा वेग जोराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. शक्ती म्हणजे जोर गुणिले हवेचा वेग, म्हणून ती वजनाच्या दीड घाताने वाढते. आदर्श पंख्यासाठी हे असे मांडतात:

```
P = T^1.5 / sqrt(2 * rho * A)
```

यात T हा एकूण जोर, rho हवेची घनता आणि A सगळ्या पंख्यांच्या वर्तुळांचे मिळून क्षेत्रफळ. मॅव्हिक ३ च्या ९.४ इंची चार पंख्यांसाठी या सूत्राने फक्त ३९ वॉट येतात. प्रत्यक्षात ११५ लागतात. पात्यांचे हवेशी घर्षण, मोटरची उष्णता, मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमधील तोटा आणि कॅमेरा-रेडिओचा खर्च मिळून उरलेले वॉट खातात. म्हणून सूत्रातून थेट मिनिटे काढू नयेत. वजन बदलल्यावर शक्ती किती पट होईल एवढे सांगण्यासाठी मात्र ते भरवशाचे आहे.

समजा, याच ड्रोनखाली २०० ग्रॅमचा दिवा आणि त्याची पट्टी बांधली. मॅव्हिक ३ असा भार वाहण्यासाठी बनवलेला नाही. हिशेब समजावा म्हणून हे धरू. वजन १०९५ ग्रॅम, म्हणजे १.२२ पट झाले. त्याचा दीड घात १.३५ येतो. ११५ पैकी सुमारे १० वॉट कॅमेरा आणि इलेक्ट्रॉनिक्सचे मानले, तर उरलेल्या १०५ वॉटचे १४२ होतात आणि एकूण खर्च १५२ वॉटवर जातो. ७७ ला १५२ ने भागले की हॉवर ३० मिनिटांवर येते. वजन २२ टक्के वाढले आणि चाळिसातली दहा मिनिटे गेली. दिवा ड्रोनच्याच बॅटरीवर चालत असेल तर त्याचे वॉट यात आणखी मिळवायचे.

भार वाहण्यासाठीच बनवलेल्या डीजेआय मॅट्रिस ३०० वर हा नियम ताडून पाहता येतो. दोन बॅटऱ्यांसह त्याचे वजन सुमारे ६.३ किलो, रिकाम्या उड्डाणाचा जाहीर काळ ५५ मिनिटे आणि कमाल भार २.७ किलो. भार धरून वजन ९ किलो, म्हणजे १.४३ पट होते. दीड घात १.७१. ५५ भागिले १.७१ केले की ३२ मिनिटे येतात. निर्मात्याचा आकडा सुमारे ३१ मिनिटांचा आहे. इतक्या साध्या नियमाकडून याहून जास्त अपेक्षा ठेवणे बरे नाही.

जो थोडा फरक पडतो तो बहुधा वाईटाच्या बाजूलाच पडतो. मोटरचा प्रवाह वाढला की तिच्या तारांतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. बॅटरीचा स्वतःचा अंतर्गत विरोध असल्याने जास्त प्रवाहाला तिचे व्होल्टेज खाली बसते. भार पंख्यांच्या झोताखाली आला तर काही जोर वायाच जातो. मध्यापासून सरकून बांधला तर दोन मोटरी कायम जास्त ताणल्या जातात. उतरल्यावर त्याच दोन इतरांपेक्षा गरम लागतात.

मग मोठी बॅटरी लावली तर? मॅव्हिक ३ ची बॅटरी सुमारे ३३५ ग्रॅमची आहे. तशीच दुसरी बसवता आली असे मानले, तर ऊर्जा दुप्पट होते, पण वजन १.३७ पट आणि शक्ती १.६१ पट. ४० मिनिटांची जेमतेम ५० होतात. याच नियमाने, बॅटरीचे वजन उरलेल्या ड्रोनच्या दुप्पट झाले की तिथून पुढे बॅटरी वाढवून वेळ उलट कमी होतो. व्यवहारात मोटरी त्याच्या कितीतरी आधी हात टेकतात.

हवा विरळ झाली तरी असाच फटका बसतो, पण तो वर्गमुळातून येतो म्हणून सौम्य असतो. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीवर शक्ती साधारण ८ टक्क्यांनी वाढते, लेहच्या ३५०० मीटरवर सुमारे १९ टक्क्यांनी. उलट, मध्यम वेगाने पुढे जाताना पंख्यांना सतत ताजी हवा मिळते आणि खर्च घटतो. मॅव्हिक ३ च्या जाहिरातीतली ४६ मिनिटे अशा सरळ उड्डाणातली आहेत, हॉवरमधली नव्हेत.

बॅटरी शून्यापर्यंत कोणी उडवत नाही. २० टक्के राखून उतरायचे म्हटले तर वरच्या उदाहरणातली ४० मिनिटे ३२ होतात आणि दिवा बांधल्यावरची ३० मिनिटे २४. भार असताना टक्क्यांपेक्षा प्रत्येक सेलच्या व्होल्टेजवर नजर ठेवावी. वर चढताना किंवा वाऱ्याच्या झोतात ते एकदम खाली जाते आणि स्टिक सोडताच थोडे सावरते. ही घसरण दर उड्डाणात वाढत असेल तर बॅटरी थकली आहे. लेबलवरचे वॉट-तास आता त्या प्रवाहाला मिळणार नाहीत. थंडीत नवी बॅटरीही तशीच वागते, म्हणून डोंगरावर ती अंगाशी उबदार ठेवून मगच ड्रोनमध्ये बसवतात.