चिन्हांकन–पुनर्ग्रहण पद्धत : गोगलगायींच्या गणनेचे प्रात्यक्षिक

एखाद्या जागेतील सगळे प्राणी मोजणे शक्य नसते, तेव्हा त्यांतले काही पकडून त्यांच्यावर खूण करतात, ते सोडून देतात आणि काही दिवसांनी पुन्हा पकडतात. दुसऱ्या वेळी हाती आलेल्यांपैकी किती जणांवर खूण आहे, यावरून एकूण संख्येचा अंदाज काढण्याच्या पद्धतीला चिन्हांकन–पुनर्ग्रहण म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाप्लास या गणितज्ञाने फ्रान्सची लोकसंख्या याच तर्काने काढली होती. प्राण्यांच्या बाबतीत डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९६ मध्ये माशांवर खुणा लावून ही वाट घातली. पुढे १९३० मध्ये अमेरिकेत लिंकन यांनी कडी घातलेल्या पाणपक्ष्यांच्या नोंदींवरून पक्ष्यांची संख्या काढली. म्हणून साध्या सूत्राला लिंकन–पीटरसन सूत्र असे नाव पडले :

```
N = M × C / R
```

M म्हणजे पहिल्या खेपेला खूण करून सोडलेले प्राणी, C म्हणजे दुसऱ्या खेपेला पकडलेले एकूण प्राणी आणि R म्हणजे त्यांतले खूण असलेले. खुणेचे प्राणी बाकीच्यांत नीट मिसळले असतील, तर दुसऱ्या नमुन्यातले त्यांचे प्रमाण आणि संपूर्ण जागेतले त्यांचे प्रमाण सारखेच असणार, एवढाच यामागचा तर्क आहे. प्रात्यक्षिकातली बहुतेक सगळी अडचण या ‘नीट मिसळले असतील, तर’ मध्ये दडलेली असते.

प्राण्याची निवड आणि खूण

शिकण्यासाठी जमिनीवरची गोगलगाय उत्तम. ती पळत नाही, तिला सापळा लागत नाही आणि शंखावर खूण करता येते. नाकतोडा किंवा कोळी घेतला, तर तो कात टाकतो आणि खूण कातीबरोबर निघून जाते. गोगलगायीचा शंख आयुष्यभर तोच राहतो, फक्त तोंडाच्या कडेला वाढत जातो.

खूण करताना आधी शंखावरची माती आणि चिकटा कोरड्या फडक्याने पुसावा आणि जागा बारीक पॉलिश कागदाने हलकेच घासावी. ओल्या शंखावर लावलेला रंग दोन दिवसांत पापुद्र्यासारखा सुटतो. नेलपॉलिशचा किंवा इनॅमल रंगाचा बाजरीच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो. तो अंगाला लागू देऊ नये आणि पाच-सात मिनिटे सुकल्याशिवाय गोगलगाय सोडू नये. ठिपका शंखाच्या पाठीवर न देता खालच्या बाजूला, तोंडापासून थोडा मागे द्यावा. पाठीवरचा भडक ठिपका पक्ष्यांना दिसतो आणि शोधणाऱ्यालाही दिसतो. यातली दुसरी गोष्ट जास्त घातक आहे, कारण टॉर्चच्या उजेडात खुणेची गोगलगाय आधी नजरेत भरते, R विनाकारण वाढतो आणि अंदाज खाली येतो.

शक्य असेल तर प्रत्येकीला एकमेकांपासून दूर असे दोन ठिपके द्यावेत. त्याचा उपयोग पुढे आला आहे.

प्रत्यक्ष गणना

समजा, २० × १५ मीटरची एक बंदिस्त बाग आहे. तिच्या एका अर्ध्या भागात दगडी कुंपणालगतची ओलसर वाफ्यांची पट्टी आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात गवत आहे. पाऊस पडून गेल्यावर अंधार झाल्यापासून दीड तास चार जण शोधतात. जिथे गोगलगाय सापडली तिथे क्रमांक लिहिलेली काडी रोवतात आणि खूण झाल्यावर तिला त्याच काडीपाशी सोडतात. काड्या रोवणे कंटाळवाणे वाटते म्हणून कधीकधी सगळ्या गोगलगायी एकाच ठिकाणी ढीग करून सोडल्या जातात. तेवढ्यानेही पुढचे सगळे आकडे बिघडतात. चार रात्रींनंतर, पुन्हा ओलसर हवेत, तेवढ्याच माणसांनी तेवढाच वेळ शोधायचे.

पहिल्या रात्री ४८ गोगलगायींवर खूण झाली. दुसऱ्या खेपेला ५४ सापडल्या आणि त्यांत १२ खुणेच्या होत्या. साध्या सूत्राने N = ४८ × ५४ ÷ १२ = २१६. नमुना लहान असताना हे सूत्र थोडे जास्तच सांगते, म्हणून १९५१ मध्ये चॅपमन यांनी सुचवलेली दुरुस्ती वापरावी :

```
N = (M + 1)(C + 1) / (R + 1) − 1
```

यात ४९ × ५५ ÷ १३ − १, म्हणजे सुमारे २०६ येतात. या अंदाजाची प्रमाणित त्रुटी, म्हणजे योगायोगाने तो किती वरखाली होऊ शकतो याचे माप, सुमारे ४१ आहे. त्यामुळे ९५ टक्के भरवशाची कक्षा साधारण १२५ ते २८८ अशी पडते. वहीत ‘२०६ गोगलगायी’ लिहून कक्षा गाळली, तर उत्तर अर्धेच लिहिले असे समजावे. शिवाय ही कक्षा फक्त योगायोगाने होणाऱ्या चढउताराची आहे. गृहीतक चुकले असेल, तर खरी संख्या या कक्षेच्या बाहेरही असू शकते.

कोणते गृहीतक मोडते

सूत्र चार गोष्टी धरून चालते : दोन खेपांच्या दरम्यान प्राणी आत-बाहेर जात नाहीत आणि जन्म-मृत्यू होत नाहीत, खूण टिकते आणि ओळखू येते, खुणेमुळे प्राण्याचे जगणे-वागणे बदलत नाही, आणि प्रत्येक प्राणी पकडला जाण्याची शक्यता सारखी असते.

गोगलगायींच्या बाबतीत सर्वांत आधी मोडते ते शेवटचे. गोगलगायी जागेला धरून राहतात. रात्री चरून पुष्कळदा त्याच फटीत किंवा त्याच दगडाखाली परततात. कुंपणालगत शोधणाऱ्याला त्या सहज सापडतात, गवतात सापडत नाहीत. वरचेच आकडे दोन भागांत मांडून पाहिले की हे उघड होते. समजा, पहिल्या रात्रीच्या ४८ पैकी ३६ कुंपणाकडच्या आणि १२ गवतातल्या होत्या. दुसऱ्या खेपेला कुंपणाकडे ३० सापडल्या, त्यांत १० खुणेच्या. गवतात २४ सापडल्या, त्यांत फक्त २ खुणेच्या. एकीकडे खुणेचे प्रमाण ३३ टक्के आणि दुसरीकडे ८ टक्के. सगळ्या गोगलगायी खरोखर मिसळल्या असत्या, तर दोन्हीकडे ते २२ टक्क्यांच्या आसपास आले असते.

साध्या सूत्राने दोन्ही भागांची संख्या वेगवेगळी काढली, तर कुंपणाकडे १०८ आणि गवतात १४४ येतात. बेरीज २५२ होते, म्हणजे एकत्र काढलेल्या २१६ पेक्षा बरीच जास्त. ज्या गोगलगायी सहज सापडतात त्याच दोन्ही खेपांना सापडतात, त्यामुळे R फुगतो आणि अंदाज घसरतो. सहज न सापडणाऱ्या गोगलगायी हिशेबात अपुऱ्या उतरतात.

पण इथे घाई करू नये. गवतातला आकडा फक्त दोन पुनर्ग्रहणांवर उभा आहे. चॅपमनच्या सूत्राने तिथे १४४ ऐवजी १०७ येतात आणि दोन्ही भागांची बेरीज २११ च्या आसपास, म्हणजे एकत्रित २०६ च्या जवळच, पोचते. तेव्हा प्रमाणांतली तफावत मिसळण न झाल्याकडे बोट दाखवते, पण खरी संख्या नेमकी किती हे एवढ्या तुटपुंज्या आकड्यांवरून ठरत नाही. R किमान सातच्या वर असावा असा सर्वसाधारण संकेत आहे आणि भागवार हिशेब करायचा असेल, तर तो प्रत्येक भागात पाळला गेला पाहिजे. गवतात शोधाचा वेळ दुप्पट करणे हा यावरचा खरा उपाय आहे. कागदावरची दुरुस्ती त्याची जागा घेऊ शकत नाही.

खूण टिकली की नाही, हे तपासायला दोन ठिपके कामाला येतात. सापडलेल्या १२ पैकी ९ वर दोन्ही ठिपके आणि ३ वर एकच ठिपका शिल्लक असेल, तर एखादा ठिपका गळण्याची शक्यता ७ मध्ये १, म्हणजे सुमारे १४ टक्के येते. दोन्ही गळण्याची शक्यता त्याच्या वर्गाएवढी, म्हणजे सुमारे २ टक्के, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते. पण प्रत्येकीला एकच ठिपका दिला असता, तर दर सातांतली एक खुणेची गोगलगाय बिनखुणेची म्हणून मोजली गेली असती आणि अंदाज सुमारे १७ टक्क्यांनी फुगला असता. एक ठिपका स्वतंत्रपणे गळतो, दुसऱ्याशी त्याचा संबंध नाही, असे यात धरलेले आहे. शंख ओला असतानाच दोन्ही ठिपके दिले, तर ते एकत्रच सुटतात आणि ही तपासणी फसते.

खुणेमुळे गोगलगायी मरतात का, याचा सुगावा रिकाम्या शंखांतून लागतो. दुसऱ्या खेपेला जिवंत गोगलगायींबरोबर रिकामे शंखही गोळा करावेत, पण ते C किंवा R मध्ये धरू नयेत. ताज्या रिकाम्या शंखांत खुणेचे प्रमाण जिवंतांतल्यापेक्षा ठळकपणे जास्त दिसले, तर खूण दिसल्याने किंवा हाताळणीने मृत्यू वाढला असा संशय घ्यावा. तसे असेल, तर R कमी पडतो आणि अंदाज वर जातो. खूण करतानाच शंख चिरडला गेला असेल, तर ती गोगलगाय M मधून वजा करायची, एवढे मात्र नक्की.

मृत्यूंबद्दल एक गोष्ट नेहमी निसटते. खुणेच्या आणि बिनखुणेच्या गोगलगायी सारख्याच प्रमाणात मेल्या किंवा बाहेर गेल्या, तर खुणेचे प्रमाण बदलत नाही. अशा वेळी येणारा अंदाज पहिल्या रात्रीच्या संख्येचा असतो. उलट बाहेरून नव्या गोगलगायी आल्या आणि कोणी मेले नाही, तर तो दुसऱ्या रात्रीच्या संख्येचा असतो. दोन्ही घडले, तर अंदाज कोणत्याच रात्रीचा राहत नाही आणि दोन्ही रात्रींच्या संख्येपेक्षा जास्त येतो. म्हणून चार रात्रींचे अंतर बरे पडते. एका रात्रीत गोगलगायी पुरेशा मिसळत नाहीत आणि महिनाभरात बागच बदललेली असते.

हवामानाचा घोळ यापेक्षा वेगळा आहे. कोरड्या रात्री गोगलगायी शंखाचे तोंड पापुद्र्याने बंद करून पडून राहतात. दुसरी खेप कोरड्या रात्री पडली, तर C आणि R दोन्ही एकदम खाली येतात. सगळ्यांवर सारखाच परिणाम झाला, तर अंदाज तिरपा होत नाही, म्हणजे एकाच बाजूला झुकत नाही, पण त्याची कक्षा इतकी रुंदावते की तो निरुपयोगी होतो. मोठ्या गोगलगायी कोरडेपणा जास्त सोसून बाहेर पडल्या, तर मात्र अंदाज खरोखरच तिरपा होतो, कारण दोन्ही खेपांना मोठ्याच हाती येतात. हे ओळखायला प्रत्येक शंखाची रुंदी मोजून दोन्ही खेपांचे आलेख शेजारी शेजारी मांडावेत. लहान पिल्ले बहुधा दोन्ही वेळा निसटतात, म्हणून उत्तराबरोबर ‘१० मिलिमीटरपेक्षा मोठ्या गोगलगायी’ अशी मर्यादा लिहावी. मर्यादा कोणती ठेवायची, ते आपल्या आलेखात सापडलेल्या सर्वांत लहान आकारांवरून ठरवायचे.

वेळ असेल, तर तिसरी खेप करावी आणि तिच्यासाठी दुसऱ्या खेपेला सापडलेल्या गोगलगायींना वेगळ्या रंगाचा ठिपका द्यावा. पहिल्या रात्रीच्या खुणेची गोगलगाय दुसऱ्या खेपेला सापडलेली असो वा नसो, तिसऱ्या खेपेला सापडण्याची शक्यता सारखीच असायला हवी. दोनदा सापडलेल्याच तिसऱ्यांदाही पुन्हा पुन्हा हाती येऊ लागल्या, तर असमान पकडीचा पुरावा थेट समोर येतो आणि गवतातला शोध वाढवायचा की दोन्ही भाग वेगळे धरायचे, याचा निर्णय अंदाजावर न सोडता घेता येतो.