एईडी मशीनचा शॉक चुकून बसला तर?

"भाऊ, ग्रुपवर आलंय की ती शॉकची मशीन डॉक्टरशिवाय लावली तर चालू हृदय बंद पडते, खरं काय?"

नाही. शॉक द्यायचा की नाही हे आपण ठरवतच नाही, पट्ट्या छातीला चिकटवल्या की मशीन आधी हृदयाचे ठोके तपासते आणि ठोके शॉकने सुधारण्यासारखे बिघडले असतील तरच शॉक देते, नाहीतर शॉकची गरज नाही असं सांगते, मग बटण दाबूनही काही होत नाही. विश्वास बसत नसेल तर प्रथमोपचाराच्या ट्रेनिंगमध्ये सरावाच्या मशीनवर दोन्ही प्रकार करून दाखवायला सांगा.

आता समजा आपल्या जिनिंगमध्ये गाठी उचलता उचलता गडी पडला, हाक मारली तर ओ देत नाही, मधूनच आचके देतो (याला लोक श्वास समजतात, तो श्वास नव्हे). एकानं १०८ लावायचा, दुसऱ्यानं लगेच छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब सुरू करायचे, तिसरा मशीनसाठी पळेल. घामेजलेली छाती पुसा, नाहीतर पट्टी चिकटत नाही. तपासणी आणि शॉकच्या वेळी कोणी हात लावू नका, नंतर लगेच परत दाब.

दाब आणि शॉक दोन्ही नाही मिळाले तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, अन् तालुक्यावरून गाडी यायला वीस मिनिटं कुठं गेली नाहीत. म्हणून प्रेसपासून मशीनपर्यंत जाऊन यायला किती लागते ते मोबाईलवर मोजून पाहा, तीन मिनिटांच्या वर जात असेल तर मशीनची जागा बदला. आमच्याकडं ती कुलूपबंद कपाटात होती, चावी मुकादमाच्या खिशात!