नकाशातून बांध कुठे गेला?

कोकणात उतारावर जागा घेतलेली माणसं घराचं बोलायला येतात, तेव्हा हल्ली बऱ्याच जणांकडे जागेचा कंटूर नकाशा असतो. शाळेच्या भूगोलातल्या समोच्च रेषाच त्या, फक्त डोंगराऐवजी बारा गुंठ्यांच्या. १०१, १०१.५, १०२ असे आकडे आणि त्यांच्यामधून सुबक वळणं घेत गेलेल्या रेषा. बघताना वाटतं, कुणीतरी त्या प्रत्येक रेषेवरून चालत गेलं असावं. प्रत्यक्षात सर्व्हेवाल्याच्या पोराने प्रिझमची काठी मोजक्या ठिकाणी उभी केलेली असते आणि मधली सगळी जमीन संगणकाने अंदाजाने भरलेली असते. अंदाज कसा बांधला जातो हे एकदा समजलं, की नकाशावर कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे जागेवर जाऊन पाहायचं हेही कळतं.

एक प्लॉट घेऊ. आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून मी गोल केलेत, पण मांडणी कोकणात कुठेही दिसेल अशीच आहे. उताराच्या दिशेने ४० मीटर, आडवा ३० मीटर. पश्चिमेला खाली रस्ता, पूर्वेला वर काजूची कलमं. पूर्वी इथे नाचणी-वरी व्हायची, त्यामुळे मधोमध जांभ्या दगडाचा एक जुना बांध आहे, पुरुषभर उंचीचा. रस्त्याच्या मोरीवर खूण करून तिची पातळी १०० मीटर मानली. समुद्रसपाटीपासूनची खरी उंची घर बांधायला लागत नाही, एकमेकांतला फरक लागतो.

फुकटात मिळणाऱ्या नकाशांवर हे काम भागत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरचं अंतर असतं. आपल्या प्लॉटचा सगळा चढ सहा मीटरसुद्धा नाही, म्हणजे त्यातून कदाचित एकही रेषा जाणार नाही. २००० साली अवकाशयानातून रडारने मोजलेल्या उंचीचे आकडे इंटरनेटवर मिळतात, पण त्यांचा एकेक चौकोन साधारण ३० मीटरचा. सबंध प्लॉट दीड चौकोनातही मावतो. तेव्हा टोटल स्टेशन, म्हणजे काठीवरच्या प्रिझमवर नेम धरून अंतर आणि कोन मोजणारं यंत्र, लावून मोजणी करणं आलंच.

सर्व्हेवाल्याने दर दहा मीटरला एक बिंदू घेतला. उताराच्या दिशेने पाच ओळी, प्रत्येकीत चार, एकूण वीस बिंदू. रस्त्यापासून ०, १०, २०, ३० आणि ४० मीटरवरच्या ओळींच्या पातळ्या अनुक्रमे १००.०, १०१.०, १०३.८, १०४.८ आणि १०५.८ निघाल्या. एकेका ओळीतले चारही बिंदू एकाच पातळीत आहेत असं धरू.

आता संगणक हे बिंदू त्रिकोणांनी जोडतो. त्रिकोणच का, तर तीन बिंदूंवर एकच सपाट पत्रा बसतो, चार असले तर तो डुगडुगतो. तिपाई कुठेही टेकते, चार पायांचं टेबल हलतं, तसंच. पण वीस बिंदू त्रिकोणांनी जोडायच्या तऱ्हा असंख्य आहेत. त्यातली कुठली निवडायची याचा नियम रशियन गणिती बोरिस देलोने यांनी १९३४ साली मांडला: कुठल्याही त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांतून वर्तुळ काढलं, तर त्याच्या पोटात चौथा बिंदू येता कामा नये. या नियमाने सुईसारखे लांबट त्रिकोण शक्य तितके टळतात. जाळं तयार झालं, की प्रत्येक त्रिकोणाच्या बाजूंवर १०२ किंवा १०३ कुठे येतं ते साध्या त्रैराशिकाने काढायचं आणि त्या खुणा जोडायच्या. समोच्च रेषा म्हणजे एवढंच.

गोम अशी, की हा नियम बिंदू वरून पाहतो. त्यांच्या उंचीकडे तो ढुंकूनही बघत नाही. चौकोनाचे चार कोपरे घ्या. समोरासमोरचे दोन १०४ वर आणि उरलेले दोन १०३ वर. चौकोनाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर येत असल्यामुळे नियमाला दोन्ही कर्ण सारखेच चालतात. १०४ वाले कोपरे जोडले तर चौकोनाच्या मध्यावर १०४ ची धार उभी राहते. १०३ वाले जोडले तर त्याच जागी १०३ ची ओघळ होते. कोणता कर्ण निवडला जाईल, हे कधीकधी फाइलमध्ये बिंदू कोणत्या क्रमाने आलेत यावर ठरतं. पावसाचं पाणी जिथून वाहतं तिथे नकाशा उंचवटा दाखवतो, तो असा.

बांधाचं प्रकरण याहून वाईट, कारण तिथे चूक दिसतच नाही. दुसरी ओळ रस्त्यापासून १० मीटरवर, तिसरी २० वर. बांध १६ वर आहे, दोन ओळींच्या मध्ये. त्याच्या पायथ्याशी जमीन १०१.६ आणि माथ्याला १०३.४. पण तिथे काठी उभीच केली नाही, त्यामुळे संगणकाला माहीत आहे ते एवढंच की दहा मीटरमध्ये जमीन २.८ मीटर चढते. तो सरळ पत्रा टाकतो. त्रैराशिकाने १०२ ची रेषा दुसऱ्या ओळीच्या पुढे ३.६ मीटरवर येते, १०३ ची ७.१ मीटरवर. प्रत्यक्षात दोन्ही रेषा एकाच जागी, बांधाच्या दगडी अंगावर, एकमेकींना चिकटून हव्या होत्या. नकाशातून बांध गेला आणि त्याच्या जागी एक गुळगुळीत चढ आला. नकाशा मात्र सुंदर दिसतो, खऱ्यापेक्षा जास्तच.

याची किंमत काढू. घर १२ बाय ९ मीटर, ९ मीटरची बाजू उताराच्या दिशेने. मालकांना ते रस्त्याजवळ हवंय, म्हणून आपण ते १० ते १९ मीटरच्या पट्ट्यात बसवतो. नकाशाप्रमाणे तिथली जमीन १०१.० पासून १०३.५२ पर्यंत चढते, मध्य १०२.२६. त्या पातळीला जागा सपाट केली, तर वरून जितकी माती निघेल तितकीच खाली भरावाला लागेल: दोन्हीकडे ३४ घनमीटर. छान जमलं, कंत्राटदाराला तोच आकडा द्यायचा.

जेसीबी आल्यावर जमीन वेगळं सांगते. पट्ट्याचे पहिले सहा मीटर बांधाच्या खाली आहेत आणि तिथली सरासरी पातळी १०१.३. म्हणजे भराव ०.९६ मीटर जाड, सहा मीटर रुंद, बारा मीटर लांब: ६९ घनमीटर. उरलेले तीन मीटर बांधाच्या वर, सरासरी १०३.५५. तिथली खोदाई ४६ घनमीटर. भराव कागदावरच्या दुप्पट झाला आणि माती जवळजवळ २३ घनमीटर कमी पडली, म्हणजे आठ ब्रास विकत आणायची. पातळी १०२.०५ पर्यंत खाली घेतली तर हिशोब जुळतो, पण मग दोन्हीकडे ५४ घनमीटर. त्यातही ‘जुळतो’ हा शब्द कागदापुरता. वरचा वीतभर पालापाचोळ्याचा थर घराखालच्या भरावात घालायचा नसतो, आणि दाबून बसवलेली माती खोदलेल्या ढिगाएवढी भरत नाही.

पैशापेक्षा मला भीती वाटते ती घराच्या दोन भागांची. तीन मीटर घर कातळाजवळच्या घट्ट जमिनीवर आणि सहा मीटर ताज्या भरावावर. पाया भरावातून खाली मूळ जमिनीपर्यंत नेला नाही, तर दोन-तीन पावसाळ्यांत भरावाकडची बाजू बसते, आणि भिंतीला पडणारी तिरपी भेग नेमकी जुन्या बांधाच्या रेषेवर येते. शिवाय बांधामागून झिरपणारं पाणी बांध काढला म्हणून थांबत नाही. ते आता घराच्या मागच्या भिंतीशी येतं.

यावरचा उपाय स्वस्त आहे. चौकटीचे बिंदू कमी घेतले तरी चालतात, पण जिथे जमीन मोडते त्या रेषेवरून काठी न्यायची: बांधाचा माथा, बांधाचा पाय, ओघळीचा तळ, रस्त्याची कड. प्रत्येक बिंदूला सर्व्हेवाला एक खूण देतो. फाइलमध्ये ते असं दिसतं:

```
41,1006.12,1016.00,103.40,BT
42,1006.12,1015.90,101.60,BB
```

क्रमांक, उत्तर, पूर्व, पातळी आणि खूण. इथे BT म्हणजे बांधाचा माथा आणि BB म्हणजे पाय. एका खुणेचे बिंदू जोडून झालेल्या रेषेला ब्रेकलाइन म्हणतात आणि कुठल्याही त्रिकोणाने ती ओलांडायची नाही असं संगणकाला सांगायचं. माथा १०१६.०० वर आणि पाय १०१५.९० वर, असं दहा सेंटीमीटरचं अंतर मुद्दाम सोडलंय. या जाळ्यात एका जागी एकच उंची मावते. अगदी उभी भिंत त्याला कळत नाही, किंचित कलती करून द्यावी लागते. ओघळीच्या तळाची रेषा दिली की मघाचा कर्णाचा गोंधळही सुटतो.

मग तपासायचं कसं? सर्व्हेवाल्याला सांगून पाच-सहा बिंदू जास्तीचे घ्या आणि ते जाळ्यात घालू नका. नंतर त्या जागी नकाशा किती उंची दाखवतो ते पाहा. मऊ जमिनीवर दहा सेंटीमीटरचा फरक चालून जातो. मीटरभर निघाला तर मधे काहीतरी राहिलंय. एकाच बिंदूभोवती बैलाच्या डोळ्यासारखी गोल कडी दिसली, तर तिथे बहुधा उंचवटाही नसतो आणि खड्डाही. झुडपावरून दिसावं म्हणून काठी वाढवलेली असते आणि नवी उंची यंत्रात भरायची राहिलेली असते. आणि नकाशा घेऊन जागेवर उभे राहिलात की शेजारच्या माणसाला पाणी कुठून येतं ते नक्की विचारा. तो जिथे हात दाखवेल तिथे रेषांनी चढाकडे टोक केलेलं असलं पाहिजे.

बांध नकाशात आल्यावर आपल्या घराची जागा बदलते. बांधापासून चार मीटर सोडून ते वरच्या टप्प्यावर, २० ते २९ मीटरच्या पट्ट्यात नेलं तर जमीन १०३.८ ते १०४.७. सपाटी १०४.२५ ला, आणि खोदाई नि भराव प्रत्येकी १२ घनमीटर. ५४ च्या जागी १२. बांध जागेवर राहतो, त्याच्यामागचं पाणी त्याच्याच वाटेने जातं.

फुकट मात्र तेही नाही. रस्त्यापासून घराची सपाटी आता सव्वाचार मीटर वर गेली आणि सरळ अंतर वीस मीटरच. गाडीला आठास एक चढ धरला तर ३४ मीटर लांबीची वाट लागेल, म्हणजे ती तिरकी वळवून बांध फोडून न्यावी लागेल. नाहीतर गाडी खालच्या टप्प्यावर १०१ च्या पातळीला ठेवायची आणि बांधाच्या कडेने पायऱ्या करायच्या. सहा इंची पायरी धरली तर बावीस. घरात गुडघे दुखणारं कुणी असेल, तर मधे एक टप्पा आणि दगडी बाक ठेवायला जागा आधीच धरून ठेवावी.